व्हेंडरच्या नोटिशीला असं उत्तर द्या

समजा, दिंडोरी रस्त्याला तुमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. अंबड एमआयडीसीतल्या खोकेवाल्यानं वकिलाची नोटीस धाडली: हंगामाला ६०,००० खोकी ठरली होती, तुम्ही ३८,००० उचललीत, उरलेल्या २२,००० खोक्यांचे, ३२ रुपये दरानं, ७ लाख ४ हजार द्या, नाहीतर करारभंगाचा दावा.

घाबरू नका. आणि करार तर मुळीच उघडू नका, तो कपाटातच शोभतो. उघडलात तर कलम ४ दिसेल: परिशिष्टातला आकडा हा फक्त अंदाज, खरेदीची बांधिलकी लेखी खरेदी ऑर्डरपुरतीच, म्हणजे पीओपुरतीच. पुढे कलम ११ दिसेल, बुडालेला नफा आणि रिकामी बसलेली माणसं भरपाईतून वगळणारं. ही दोन कलमं शब्दन् शब्द उतरवून उत्तर दिलं तर पत्र दीड पानात संपतं. वकिलाची फी मग कशी वसूल होणार?

त्यापेक्षा पावसाचं रडगाणं गा. "अवकाळीनं मणी तडकले, म्हणून खोकी उचलता आली नाहीत." समोरचा वकील खुशीत चहा मागवेल. उचलता आली नाहीत म्हणजे उचलायची होती, हे तुम्ही स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलंत. नैसर्गिक आपत्तीची सवलत लागते ती जबाबदारी असलेल्याला. तुमचं म्हणणं तर जबाबदारीच नव्हती असं. काही रसहीन लोक आधी कलम ४ मांडतात आणि पाऊस "वरील म्हणणं न सोडता, पर्यायी मुद्दा म्हणून" शेवटी घालतात. तेही आपत्ती ठरल्या मुदतीत कळवली होती का, हे तपासून. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका.

मग सरसकट सगळं नाकारा. फेब्रुवारीत ५,००० खोक्यांचा पीओ तुमच्याच मॅनेजरनं सही करून दिला होता आणि त्यांवर तुमचा ब्रँड छापूनही झाला होता, हे विसरा. तेवढे १ लाख ६० हजार बाजूला काढून, बाकी ५ लाख ४४ हजारांनाच कलम ४ लावलं असतं तर पत्र खरं वाटलं असतं. सगळ्यालाच लावलंत की कोर्ट पीओ बघतं, आणि मग तुमच्या कलम ४ कडेही संशयानं बघतं. करार तुम्हीच लिहिलेला, त्यामुळे शब्द संदिग्ध निघाला तर अर्थ तुमच्या विरुद्ध लागण्याचीच भीती जास्त.

शेवट गोड करा: "आपले जुने संबंध, राहिलेली बाकी दिवाळीपर्यंत देऊ." मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ नुसार, मुदत संपण्याआधी सहीनिशी दिलेल्या अशा कबुलीपासून दाव्याची मुदत नव्यानं मोजतात. खोकेवाल्याला तुमच्याकडून दिवाळीची भेट!

करारात उत्तर रजिस्टर पोस्टानं द्या म्हटलंय, पण तुम्ही व्हॉट्सॲपवर टाका. खोकेवाल्यानं अंगठा दाखवला की पोहोचलं.