पीएनडी १०० आला म्हणून इंटरव्हेन्शन सिद्ध होत नाही

"पीएनडी १०० टक्के आला ना, मग इंटरव्हेन्शन प्रभावी हे सिद्धच झालं. रिझल्टमध्ये आकडा टाका आणि मोकळे व्हा, व्हिज्युअल अ‍ॅनालिसिस म्हणजे नुसता नजरेचा अंदाज." एकेका मुलाचे आकडे वेळोवेळी नोंदवणाऱ्या सिंगल-केस अभ्यासाबद्दल कोणी असं म्हणालं, तर ते पटण्यासारखं नाही.

पहिलं म्हणजे पीएनडी, म्हणजे ओव्हरलॅप न होणाऱ्या पॉइंट्सची टक्केवारी, मोजतो काय ते बघा. बेसलाइनमधल्या, म्हणजे इंटरव्हेन्शन सुरू होण्याआधीच्या, सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर इंटरव्हेन्शनचे किती टक्के पॉइंट्स गेले, बस एवढंच. आता समजा एका मुलाने दर सेशनला बरोबर वाचलेले शब्द बेसलाइनला २, ३, ४, ५, ६ आणि इंटरव्हेन्शनला ७, ८, ९, १०, ११. पीएनडी १००, दोन्ही फेजेसच्या पॉइंट्सच्या जोड्या लावून ओव्हरलॅप मोजणारा एनएपी पण पूर्ण १, सरासरी ४ वरून ९ वर. पण ग्राफवर पट्टी ठेवा, बेसलाइनचीच रेघ सरळ पुढे गेलीये, ना उडी ना चढ बदललेला, म्हणजे काही न करता सुद्धा हे आकडे येऊ शकले असते. बेसलाइनचा ट्रेंड वजा करणारा टाउ-यू काढला तर, बेसलाइन-इंटरव्हेन्शनच्या २५ जोड्यांतून बेसलाइनच्या आतल्या चढत्या १० जोड्या गेल्या, १५ भागिले २५, फक्त ०.६० उरतो. आणि तोही ट्रेंड पूर्ण काढत नाही, कारण इथे खरा परिणाम दिसतच नाहीये, तरी ०.६० उरला.

उलटंही होतं. बेसलाइन २, १, ९, २, १ आणि नंतर ६, ७, ७, ८, ८. त्या एका ९ मुळे पीएनडी थेट शून्य! एनएपी मात्र ०.८०, कारण तो प्रत्येक पॉइंटची प्रत्येक पॉइंटशी तुलना करतो. त्या ९ च्या दिवशी काय वेगळं झालं होतं हे सेशनच्या नोंदीत शोधून रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं.

बदल किती मोठा हे पण यातून कळत नाही. ३ वरून ४ वर गेलं काय नि ३ वरून २० वर गेलं काय, ओव्हरलॅप नसला की दोन्हीकडे १००.

राहिला "नजरेचा अंदाज". व्हिज्युअल अ‍ॅनालिसिसमध्ये ग्राफवर लेव्हल, ट्रेंड, चढउतार, बदल किती लगेच आला, ओव्हरलॅप, सारख्या फेजेसमधला सारखेपणा, एवढं ठरवून बघायचं असतं. दोन तज्ज्ञांचं मत जुळत नाही असं होतं, खरंय, म्हणूनच कोणी बघितलं आणि कोणत्या निकषावर ते लिहायचं. शिवाय परिणाम निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसायला हवा, उदा. मल्टिपल बेसलाइनमध्ये तीन मुलांना इंटरव्हेन्शन वेगवेगळ्या वेळी सुरू केलं आणि प्रत्येकाचा ग्राफ त्याच्या त्याच्या वेळीच हलला. एका ए-बी, म्हणजे एकच बेसलाइन आणि एकच इंटरव्हेन्शन अशा, तुलनेचा पीएनडी हे कधीच सांगू शकत नाही.

म्हणून प्रत्येक मुलाचा पूर्ण ग्राफ द्या, त्याचं वर्णन द्या, मग इंडेक्स द्या, कोणता आणि का निवडला, कोणत्या फेजेसची तुलना केली आणि बेसलाइनला ट्रेंड होता का, हे सगळं आकड्याच्या शेजारीच लिहा.