प्रोट्रुजन उजवीकडे, दुखणं डावीकडे

आज सकाळी एक मावशी आल्या. चाळिशी ओलांडलेल्या. हातात कृषी केंद्राची पिशवी, त्यात एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट, कमरेला करकचून बांधलेला पट्टा. खुर्ची दिली तर बसेनात. "नाई ताई, वाकू नोको म्हनले. मणक्यात गॅप हाय. गादी सरकली. आता जल्मभर वाकाचं नाई."

कापसाच्या ऐन वेचणीत ही बाई दीड महिन्यापासून घरी बसून आहे. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणजे घरी बसलं की काहीच नाही. एमआरआयसाठी दोन बकऱ्या विकल्या. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसले. लांबेल.

रिपोर्टमध्ये होतं ते असं. एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीला, डिफ्यूज डिस्क बल्ज. एल५-एस१ ला, म्हणजे त्याखालच्या गादीला, उजवीकडे प्रोट्रुजन, म्हणजे एका ठिकाणी आलेलं टेकाड, उजव्या पायात उतरणाऱ्या एस१ नसेला टेकलेलं. मी विचारलं, "मावशी, दुखते कुठं?" त्यांनी हात ठेवला तो डाव्या कमरेवर आणि डाव्या कुल्ल्यावर. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. उजवी बाजू तर ठणठणीत. हे जुळत नाही, हे कळायला फार शिकावं लागत नाही, फक्त विचारावं लागतं. दीड महिन्यात कुणीच विचारलं नव्हतं. तपासण्याच्या टेबलावर त्यांना कुणी झोपवलंसुद्धा नव्हतं.

मी तपासलं. एस१ नस खरंच दबली असेल तर त्या पायाच्या चवड्यावर अंग उचलताना जोर कमी पडतो, टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली की झटका कमी येतो किंवा येतच नाही, आणि पावलाची करंगळीकडची कड बधिर लागते. मावशी भिंतीला हात लावून एकट्या उजव्या चवड्यावर दहादा वर-खाली झाल्या. झटका दोन्हीकडे सारखा. कड शाबूत. उताणं झोपवून पाय सरळ उचलला तेव्हाही कळ पायात उतरली नाही. म्हणजे ते प्रोट्रुजन तिथं आहे, आणि गुपचूप आहे. कदाचित कित्येक वर्षांपासून असेल.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते कारण आमच्या बाबांची गोष्ट. जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे. मी शेवटच्या वर्षाला होते. बाबांनी सोयाबीनचं पोतं उचललं आणि दोन दिवसांत डावा पाय करंगळीपर्यंत पेटला. रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचे, बसवत नव्हतं. एमआरआयमध्ये एल५-एस१ ला डावीकडे मोठं एक्स्ट्रुजन. तो शब्द वाचून माय रडली. मीही घाबरले होते, कबूल करते.

हे शब्द आधी नीट समजून घ्या, कारण लोक यांनाच घाबरतात. बल्ज म्हणजे गादीची कड सगळीकडून थोडी बाहेर आलेली, भाकरीचा गोळा थापताना पसरतो तशी. गादीच्या घेराच्या पाव भागाहून जास्त भाग बाहेर आला की बल्ज म्हणायचं. त्याहून कमी जागेत, एकाच ठिकाणी टेकाड आलं आणि त्याचा तळ रुंद असला तर प्रोट्रुजन. तळ अरुंद आणि बाहेर आलेला भाग त्याहून मोठा, गाडग्यासारखा, मान बारीक नि पोट मोठं, तर एक्स्ट्रुजन. बस. हे आकाराचे शब्द आहेत. दुखतं किती, हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

आणि बल्ज तर किती जणांना असतो! 1994 साली ज्यांची कंबर दुखत नव्हती अशा 98 माणसांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या 52 टक्क्यांना बल्ज, 27 टक्क्यांना प्रोट्रुजन. एक्स्ट्रुजन मात्र एकच टक्का, म्हणून रिपोर्टमध्ये तो शब्द आला आणि पायातली कळही त्याच बाजूची, त्याच नसेची असली, तर मी तो गांभीर्यानंच घेते. पण नुसता बल्ज? पन्नाशीतल्या दहा धडधाकट माणसांना मशीनमध्ये घाला, सहाजणांना तरी निघेल. केस पांढरे होतात तसं आहे ते. पांढऱ्या केसांसाठी कुणी कुणाच्या बकऱ्या विकायला लावत नाही.

बाबांचं सगळं जुळत होतं. बाजू डावी, नस एस१, चवड्यावर उचलवत नव्हतं, झटका गेलेला. नागपूरच्या सर्जननं मात्र शांतपणे सांगितलं, जोर आणखी कमी होत नसेल तर सहा आठवडे थांबू, लघवी-संडासची तक्रार आली तर त्याच रात्री या. थांबलो. चौथ्या आठवड्यात ते झोपायला लागले. आठ महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढला, तर ते एवढं मोठं गाडगं जवळजवळ नाहीसं झालेलं. गादीच्या आतल्या गराला रक्तपुरवठा नसतो. तो फुटून बाहेर आला की शरीराला परका वाटतो, रक्तातल्या पेशी येऊन त्याला खाऊन टाकतात. बल्जमध्ये गर आतच राहतो, त्या पेशींना तो सापडतच नाही, म्हणून बल्ज सहसा तसाच राहतो. भयंकर शब्दाचं दुखणं विरघळलं आणि त्यांच्याच वरच्या मणक्यातला साधा बल्ज होता तिथंच राहिला! आजही आहे. बाबा आजही शेतात जातात. पायाचा झटका मात्र परत आला नाही, आणि पेरणीत कंबर अजून धरते, ते एक्स्ट्रुजन जाऊनही धरते.

मान्य, एमआरआय लागतो. गुप्तांगाभोवती बधिरपणा, लघवी अडणं, पायाचा जोर दिवसागणिक जाणं, ताप आणि वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडून मार लागणं, यांत एक दिवसही घालवू नका. आपल्याकडे मणक्याचा टीबीही निघतो. ऑपरेशननं माणसं वाचतात, चालतात. मी त्याच्या विरुद्ध नाही.

माझा राग त्या वाक्यावर आहे. "जन्मभर वाकू नका." ज्या बाईचं पोट वाकण्यावर आहे तिला हे सांगता कसं येतं? दीड महिना पट्टा बांधून, भिऊन, अंग आखडून ती आणखी दुखरी झाली. आज पहिल्यांदा पट्टा काढताना त्यांचे हात थरथरत होते. मी कोपर धरलं. हळूहळू वाकल्या, बोटं गुडघ्याच्या खाली गेली. "काई तुटलं नाई ना ताई?" असं विचारलं आणि रडल्या. मग माझाही राग जरा उतरला.

दुखतं नेमकं कुठून, हे मी त्यांना बोट ठेवून सांगितलं नाही, कारण अशा बहुतेक कंबरदुखीत ते कुणालाच सांगता येत नाही. वेचणीत सहा-सात तास वाकून राहायचं, कमरेला कापसाची ओटी भरत जाते, वजन पुढे ओढतं. आमचं ठरलं ते असं. आठवडाभर रोज घरून नाल्यापर्यंत चालणं, दिवसातून तीनदा दहा वेळा वाकणं. मग अर्धा दिवस वेचणी, ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, दर तासाला पाठ सरळ करून उभं राहायचं. दुखेल थोडं. रात्री झोपून सकाळपर्यंत उतरत असलं तर चालू ठेवायचं.

फिल्म त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिली, घरी पाहिली की भीती वाटते म्हणाल्या. ठेवली आहे. पुढच्या बाजारच्या दिवशी येणार आहेत.