निरोप भाऊसाहेबांचा, गाणी आपल्या आवडीची

३१ मे जवळ आली की गाण्यांची यादी करायचं काम तुमच्याकडे येणारच. एका पिढीतल्या कित्येक पोरांना शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख बहाल केली. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीसच निवृत्त होतो. त्यामुळे त्या एका दिवशी गावातले हॉल, शाली आणि नारळ एकदम संपतात. तुम्ही कचेरीत सगळ्यांत लहान, शिवाय तुमच्या कानात कायम काहीतरी खुपसलेलं. गाणी दुसरं कोण लावणार?

पहिला नियम असा की उत्सवमूर्तीला काही विचारू नका. आमचे लेखा शाखेतले भाऊसाहेब डबा खाताना रोज नाट्यगीतं गुणगुणायचे. हे शिपायालाही माहीत होतं. पण यादी करताना मी मोठ्या साहेबांची आवड विचारली, कारण भाऊसाहेब जाणार होते आणि साहेब राहणार होते.

यादी संध्याकाळच्या मूडप्रमाणे लावा. सहा ते साडेसहा, लोक जमतात तो वेळ. या वेळी नुसती बासरी-सतार मंद आवाजात ठेवली तर माणसं एकमेकांशी बोलू लागतात. तेव्हा आवाज पूर्ण ठेवा आणि स्पीकर मुद्दाम पहिल्या रांगेशेजारी मांडा. तिथे भाऊसाहेबांच्या ऐंशी वर्षांच्या आई बसणार आहेत.

तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे पाच मिनिटांची छत्तीस गाणी, असा हिशोब करा. भाषणं धरूच नका. प्रत्यक्षात सहा वक्ते 'दोनच शब्द' बोलायला उठतात आणि सव्वा-दीड तास खातात. मग तुमची हळवी गाणी जेवणात सरकतात आणि नाचाची गाणी पसायदानापर्यंत पोचतात. प्रत्येक टप्प्याची वेगळी यादी केली असती, तर वेळ कितीही घसरली तरी योग्य गाण्यावर उडी मारता आली असती. पण एवढी अक्कल चालवली तर पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच गळ्यात पडेल.

आता सगळ्यांत नाजूक क्षण, सत्काराचा. इथे 'चल उड़ जा रे पंछी' हमखास लावा. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आता हा देश तुझा नाही असं सुरात सांगण्याइतका मोठा सन्मान नाही. आमच्याकडे कुणीतरी म्हणालं, शब्द नकोत, नुसती बासरी असू दे. मी 'बाबुल की दुआएं' ची बासरी लावली. ओळखीच्या गाण्यातले शब्द काढून टाकले तरी ऐकणारा ते मनात भरून घेतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. शाल पांघरली, नारळ दिला आणि वहिनी हुंदके देऊ लागल्या. सभागृह गहिवरलं. साहेब माझ्याकडे बघून कौतुकाने मान डोलवत होते. वहिनींना मात्र डिसेंबरात सासरी गेलेली मुलगी आठवली होती.

फोनचंही जरा सांगतो. गाणी आधी उतरवून ठेवायची, विमान मोड लावायचा आणि मग फक्त ब्लूटूथ चालू करायचं, असं काही भित्रे लोक सांगतात. विमान मोड कशाला? तुम्ही काय विमानात बसणार आहात? फोन उघडा ठेवा, म्हणजे साहेबांच्या भावपूर्ण भाषणाखाली वाजणारी मंद धून मध्येच थांबून तुमच्या घरचा फोन अख्ख्या हॉलमध्ये खणखणेल. स्पीकरही उसना आणा. आमचा स्पीकर ज्याचा होता त्याचा मुलगा बाहेर गाडीत बसला होता. स्पीकरने जुन्या ओळखीने त्याचाच फोन पकडला आणि मानपत्राच्या दुसऱ्या परिच्छेदाला क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली. 'त्यांनी सचोटीने सेवा केली' याला लागून 'आणि हा झेल सुटला!' इतका चपखल मेळ कुठल्याही यादीत जमला नसता.

जेवणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मठ्ठ्यापुढे कुणी गाणं ऐकत नाही.

शेवटी 'झिंगाट' लावाच. त्यावर भाऊसाहेब नाचणार नाहीत, पण वसुलीतली चार पोरं नाचतील आणि त्यांना हात धरून मध्ये ओढतील. गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस वर्तुळात उभा राहून टाळ्या वाजवतो, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाका.

नाच संपल्यावर भाऊसाहेब माझ्याकडे आले. मला वाटलं, गाण्यांबद्दल काही म्हणतील. त्यांनी चष्मा पुसला, स्पीकरकडे बोट केलं आणि विचारलं, "भाड्याचा आहे? मग पावती घेतलीस ना? वर्गणीच्या हिशोबाला लावावी लागेल." उसना आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा त्या संध्याकाळी पहिल्यांदाच खुलला. मग नारळ पिशवीत टाकून, 'युवती मना' गुणगुणत ते पायऱ्या उतरून गेले.