सातबारा नावावर आहे म्हणून ताबा आपोआप मिळत नाही

‘सातबारा तुमच्या नावावर असेल तर फक्त मालकी जाहीर करून मागा, ताबा आपोआप मिळतो. कब्जेदारालाच मालकी सिद्ध करावी लागते. पण ३ वर्षांनंतर दावा चालत नाही.’

हा मेसेज निफाडहून मामांनी पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘वकिलांना असाच दावा टाकायला सांगतो.’ मामांच्या ६ गुंठ्यांच्या पट्टीवर शेजाऱ्याने २०२१ मध्ये तारेचं कुंपण घातलं. आता तिथे त्याचा कांदा उभा आहे. हे वाचून मी तडक फोन लावला.

पहिलं वाक्य सगळ्यात घातक आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३, कलम ३४ च्या परंतुकानुसार, ताबा मागता येत असताना नुसती मालकी जाहीर करून मागितली तर कोर्ट तसं जाहीर करूच शकत नाही. मामांच्या ताब्यात काही नाही, म्हणून ताबा मागावाच लागेल. समजा तसा हुकूमनामा मिळालाच, तरी त्यावर अंमलबजावणीची दरखास्त लावून बेलिफाकरवी कुंपण काढून घेता येत नाही, कारण त्यात ‘ताबा द्या’ असा हुकूमच नसतो. मी मामांना म्हटलं, ‘दाव्याच्या शेवटी विनंतीचं कलम काढून बघा. तिथे “मालकी जाहीर व्हावी” याच्या जोडीला “ताबा मिळावा” हे, गट नंबर आणि चतुःसीमेसह, आलंच पाहिजे.’ मोजणीचा नकाशाही जोडावा, कारण ६ गुंठे नेमके कुठले हेच ठरलं नाही तर बेलिफ ताबा कशाचा देणार?

दुसरं वाक्य उलटं आहे. कब्जेदार मालक नाही असं जो म्हणतो, त्यानेच ते सिद्ध करायचं. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ११० हेच सांगायचं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारत सरकार विरुद्ध वासवी को-ऑप. हाउसिंग सोसायटी या खटल्यात सांगितलं की वादीने स्वतःच्या हक्काच्या जोरावर जिंकायचं, प्रतिवादीची बाजू लंगडी आहे म्हणून नव्हे. महसुली नोंदींनी मालकी मिळत नाही, हेही त्यातच आहे. त्या सोसायटीने मालकी आणि ताबा दोन्ही मागितले होते, खाली जिंकलीही होती, तरी शेवटी हरली. सातबाऱ्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढं मान्य. पण मामांचा आधार १९८७ चं नोंदणीकृत खरेदीखतच.

३ वर्षांची मुदत नुसत्या जाहीर करून घेण्याच्या दाव्याला आहे, इतपत मेसेज खरा. मालकीच्या आधारे ताबा मागायला १२ वर्षं मिळतात, समोरच्याचा कब्जा प्रतिकूल, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध, झाल्यापासून. ती उलटली की मुदत कायद्याच्या कलम २७ खाली हक्कच संपतो. चुकीचा दावा रेंगाळत राहिला तरी ही वर्षं थांबत नाहीत.

मामांनी खरेदीखताची सही-शिक्क्याची नक्कल काढायला टाकली आहे आणि मोजणीचा अर्जही दिला आहे.