शोधा, बदला, झोपा

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचं सव्वातीनशे पानांचं पुस्तक तुमच्याकडे संपादनाला आलं आहे. प्रकाशन सतरा सप्टेंबरला ठरलं आहे आणि पाहुण्यांना निमंत्रणंही गेली आहेत. अशा वेळी कुणीतरी शहाणा सांगेल, की पहिल्या वाचनापासूनच पुस्तकाची स्टाईलशीट ठेवा. त्याचं अजिबात ऐकू नका.

त्याचं म्हणणं ऐकायला सोपं असतं. एका फाईलीत चार रकाने आखायचे: शब्द हस्तलिखितात कसकसा आला आहे, त्यातलं कोणतं रूप आपण ठेवलं, ते पहिल्यांदा कोणत्या पानावर आलं आणि का ठेवलं. शब्द वर्णानुक्रमाने लावायचे, माणसांची आणि गावांची नावं वेगळ्या पानावर घ्यायची. नोंद फक्त जिथे दोन रूपं शक्य आहेत तिथेच करायची. ‘भाकरी’ला या यादीत जागा नाही. मग हीच यादी लेखकाला, डीटीपीवाल्याला आणि प्रूफ वाचणाऱ्याला द्यायची, म्हणजे तिघांचं एकमत राहतं. तिघांचं एकमत कशाला हवं, हे मात्र तो सांगत नाही.

तुमच्याकडे ‘शोधा आणि बदला’ आहे. सुरुवात गावांपासून करा. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा संपूर्ण फाईलीत ‘उस्मानाबाद’ शोधा, ‘धाराशिव’ घाला आणि ‘सगळे बदला’ दाबा. पुढच्याच प्रकरणात कार्यकर्त्याच्या घरची उस्मानाबादी शेळी ‘धाराशिवी शेळी’ होईल. पशुवैद्यकीय पुस्तकांत अशी जात सापडणार नाही, पण तुमच्या पुस्तकाने भर घातली तर बिघडलं कुठे? नंतर ‘औरंगाबाद’ घ्या. हस्तलिखितात ‘औरंगाबादेत सभा झाली’ असं असेल तर ‘छत्रपती संभाजीनगरेत सभा झाली’ असं सुंदर वाक्य तयार होईल. औरंगाबादकर आडनावाचा माणूस सापडला तर त्याचाही नामविस्तार करून टाका. १९४८ सालच्या पत्राचा उतारा असेल तर पत्र लिहिणाऱ्याला पंच्याहत्तर वर्षं आधी नवं नाव कळलं होतं, एवढंच सिद्ध होईल. संदर्भसूचीतल्या जुन्या पुस्तकांचं प्रकाशनस्थळही बदलेल, म्हणजे वाचकाला ती पुस्तकं ग्रंथालयात त्या नोंदीने सापडणार नाहीत.

स्टाईलशीटवाला इथे तीन ओळींत काम उरकतो. निवेदन जर आजच्या काळातलं असेल तर आजचं नाव. घटना त्या काळातली असेल तर तेव्हाचं नाव, आणि पहिल्या उल्लेखाला कंसात आजचं. अवतरणं, संस्थांची जुनी नावं आणि संदर्भसूची यांना हात लावायचा नाही. मोमिनाबाद आणि अंबाजोगाई ही एकाच गावाची नावं आहेत, हेही तो तिथेच टिपून ठेवतो. नाहीतर प्रूफ वाचणारा त्यांना दोन गावं समजून त्यांच्यामधलं अंतर विचारत बसतो. ते विचारू द्या; गप्पांना विषय मिळतो.

आता ऱ्हस्व-दीर्घाकडे वळू. ‘मुक्तिसंग्राम’ की ‘मुक्तीसंग्राम’? नियम असा, की ‘मुक्ती’सारखा तत्सम शब्द एकटा आला की दीर्घ, आणि सामासिक शब्दात पहिला आला की मूळ संस्कृतातल्यासारखा ऱ्हस्व. प्रत्यय लागला की मात्र दीर्घच, म्हणून ‘मुक्तीचा’, ‘मुक्तीसाठी’. हा नियम यादीत लिहिण्यापेक्षा ‘मुक्ती’च्या जागी सरसकट ‘मुक्ति’ घाला. मुखपृष्ठावरचा शब्द बरोबर येईल, आतल्या पानांवर ‘मुक्तिचा लढा’ आणि ‘मुक्तिसाठी बलिदान’ येईल. मुखपृष्ठ सगळे बघतात, आतली पानं कोण वाचतं?

शोधूनही न सापडणाऱ्या चुका हा तर खास ठेवा आहे. गोविंदभाई श्रॉफ यांचं आडनाव पुस्तकात जागोजागी येणार. एका टंकलेखकाने ते नीट ‘ऑ’ची मात्रा देऊन लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या फाईलीत, बहुधा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना, काना वेगळा आणि त्यावर चंद्र वेगळा असा पडलेला असतो. पडद्यावर दोन्ही साधारण सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘पोलीस ॲक्शन’मधल्या ‘ॲ’चंही तसंच: एक सबंध अक्षर, दुसरा ‘अ’वर चंद्र. तुम्ही शोधलं, एकवीस ठिकाणी सापडलं, खूश झालात; उरलेले नजरेआड राहिले. व्यक्तिसूचीत मग गोविंदभाई दोनदा येतात, पानांचे आकडे दोन ओळींत वाटून. यादीत फक्त शब्द नव्हे, तो कसा टंकायचा तेही लिहायचं असतं, असं म्हणतात. तुम्ही ते डीटीपीवाल्यावर सोपवा, त्याला अंतर्ज्ञान असतं.

संयोगचिन्हाचा धडा छोटा आहे. ओळीच्या शेवटी शब्द बसेना, की डीटीपीवाला हाताने रेघ मारून ‘सत्याग्र-हींनी’ करतो. मग पानाचा समास थोडा वाढतो, ओळी सरकतात आणि ती रेघ ओळीच्या मधोमध येऊन बसते. यावर तुमचा उपाय सोपा: सगळ्या रेघा एकदम काढा. ‘१९४८-४९’चं ‘१९४८४९’ होईल आणि ‘सहा-सात जण’ चिकटून ‘सहासात जण’ होतील. कोणत्या रेघा खऱ्या, कोणत्या ओळीपुरत्या, हे ज्याने आधी टिपून ठेवलं तोच नंतर छाटणी करू शकतो. ते काम रटाळ आहे.

इंग्रजी स्टाईलशीटमधला कॅपिटल अक्षरांचा रकाना तर देवनागरीत कोरा सोडायचा आनंद घ्या. त्यांचं काम आपल्याकडे अवतरणचिन्हाला करावं लागतं, ही बारीक गोष्ट विसरून जा. संपादक अनंत भालेराव यांच्या वृत्तपत्राचं नाव ‘मराठवाडा’ होतं. स्टाईलशीटमध्ये लिहिलेलं असतं, की वृत्तपत्र एकेरी अवतरणात, प्रत्यय अवतरणाबाहेर आणि सामान्यरूप नाही: ‘मराठवाडा’ने अग्रलेख लिहिला. प्रदेश मात्र मराठवाड्याने निजामी राजवट सोसली असा. अवतरण उडवलं आणि ‘मराठवाडाने’ हा व्याकरणदोष समजून दुरुस्त केला, की अख्खा मराठवाडा अग्रलेख लिहायला बसतो.

बोली मात्र खरोखर सुधारा. लातूरकडचा म्हातारा कार्यकर्ता संवादात ‘काय करायलास रं?’ म्हणतो, तिथे ‘काय करत आहेस रे?’ करा. आठव्या प्रकरणात कंटाळा आला की सोडून द्या. म्हातारा पूर्वार्धात पुण्याचा आणि उत्तरार्धात औशाचा वाटेल. संवादातली बोली तशीच ठेवायची, पण ‘करायलास’ आणि ‘करालास’ यांपैकी एका माणसाच्या तोंडी एकच ठेवायचं, आणि त्यातलं कोणतं ते लेखकाला फोन करून विचारायचं. एवढ्या फोनचे पैसे कोण देणार?

पुस्तक छापून आल्यावर शेवटच्या पानात एक चिठ्ठी चिकटवायची वेळ येईल. तिच्यात लिहा: ‘पृष्ठ ११२ वर धाराशिवीऐवजी उस्मानाबादी वाचावे.’ पृष्ठ २४० वरची शेळी पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवा.