जास्त NaOH म्हणजे जोरदार गोळी?

«ब्युरेटमधून जास्त NaOH गेलं, ती अँटासिडची गोळी जास्त जोरदार ना?»

नाही, अगदी उलट. गोळी आधी मोजून घेतलेल्या आम्लात टाकतात. ब्युरेटमधलं NaOH गोळीला भेटतच नाही; ते फक्त उरलेलं आम्ल मोजतं. गोळीने जितकं जास्त आम्ल खाल्लं, तितकं रीडिंग कमी.

कॅल्शियम कार्बोनेटची 1.300 ग्रॅमची गोळी घ्या. खलात कुटून 0.260 ग्रॅम, म्हणजे पाचवा हिस्सा, शंकूपात्रात टाका. त्यावर पिपेटने 50.0 मिली 0.100 M HCl घाला: 5.00 मिलिमोल. पाच मिनिटं हलकं उकळा, थंड करा, फिनॉल्फथॅलीन टाका. फिकट गुलाबी रंग यायला 0.100 M NaOH 30.4 मिली लागलं, तर उरलेलं आम्ल 3.04 मिलिमोल.

5.00 − 3.04 = 1.96
1.96 × 5 = 9.80 मिलिमोल प्रति गोळी

एका कार्बोनेटला दोन HCl लागतात, म्हणून 4.90 मिलिमोल, साधारण 490 मिग्रॅ CaCO₃.

उकळणं टाळलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही NaOH खातो. रीडिंग फुगतं आणि चांगली गोळी कमजोर ठरते. खूण सोपी: गुलाबी रंग येतो आणि लगेच उडतो. उलट फार आटवलं तर HClच उडून जातं आणि गोळी उगाच पहिलवान दिसते. म्हणून गोळीशिवायचं आम्लही तितकंच उकळून ब्लँक घ्यावं.

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या गोळीला मात्र फिनॉल्फथॅलीन चालत नाही. गुलाबी होण्याआधीच ॲल्युमिनियमचा पांढरा साका NaOH ओढून घेतो. तिथे pH मीटर लावून 3.5 वर थांबतात.