साठ किलोचा रुग्ण

फार्माकॉलॉजीच्या पेपरातला रुग्ण नेहमी ६० किलोचा असतो. साडेसत्तावन्न किलोच्या माणसाला दमा होत नाही. झालाच तर तो परीक्षेला येत नाही. यंदाचे गृहस्थ धापा टाकत आले, पण हिशेब तोंडपाठ: व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन किलोमागे ०.५ लिटर, क्लिअरन्स, म्हणजे शरीर तासाला जेवढं रक्त औषधातून मोकळं करतं ते, किलोमागे ०.०४ लिटर, आणि रक्तात दम्याचं औषध थिओफिलीन हवं लिटरला १० मिलिग्रॅम. श्वास पुरत नव्हता, दशांश मात्र पुरत होते.

व्हॉल्यूम झाला ३० लिटर. "अंगात एवढं रक्त असतं होय रे?" मागचा मित्र कुजबुजला. नसतंच. औषध रक्ताबाहेर ऊतींतही पसरतं, म्हणून हा आकडा कागदावर फुगतो. लोडिंग डोस, म्हणजे पातळी एकदम गाठून देणारा पहिला डोस, १० गुणिले ३०, ३०० मिलिग्रॅम. इथे पेन खाली ठेवायचं नाही! इंजेक्शन अमिनोफिलीनचं, त्यात थिओफिलीन ८० टक्केच. म्हणून ३०० भागिले ०.८, म्हणजे ३७५. आणि गृहस्थांनी घरून थिओफिलीनची गोळी खाल्ली असेल, तर रक्तात आधीच आहे तेवढं वजा करायचं. पेपर काढणाऱ्याने ती ओळ प्रश्नाच्या तळाशी, जाहिरातीतल्या अटी-शर्तींसारखी लपवली होती: 'आज गोळी घेतलेली नाही.' बरं झालं.

आता हाफ लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ.

t½ = 0.693 × Vd / CL

क्लिअरन्स तासाला २.४ लिटर, म्हणून उत्तर साधारण ८.७ तास. पातळी स्थिरावायला चार-पाच हाफ लाइफ लागतात. लोडिंग डोस न देता नुसतं ड्रिप लावलं, तर पहिल्या ८.७ तासांनंतर लक्ष्याच्या निम्म्यावर, आणि पूर्ण आराम पडायला दीड-पावणेदोन दिवस. तोवर गृहस्थ धापा टाकत बसणार, मी पुढच्या पेपरची तयारी करणार. ड्रिपचा वेग मात्र व्हॉल्यूमला विचारतच नाही. तो क्लिअरन्स गुणिले पातळी, तासाला २४ मिलिग्रॅम थिओफिलीन, म्हणजे ३० अमिनोफिलीन.

मग पान उलटलं. 'याच रुग्णाला सिरॉसिस असून क्लिअरन्स निम्मा आहे असे समजा.' काय नशीब बघा या माणसाचं! दमा होता, आता यकृतही गेलं, वजन मात्र ग्रॅमभर हललं नाही.

अर्धा वर्ग इथे लोडिंग डोसही निम्मा करतो. व्हॉल्यूम तोच, म्हणून डोसही तोच, ३७५. बदलतं ते ड्रिप: १५. हाफ लाइफ मात्र दुप्पट, १७ तासांहून जास्त. जुनंच ३० चालू ठेवलं, तर गंमत अशी की लोडिंग डोसनंतर लगेच रक्त तपासलं की पातळी १० येते, सगळे खूश. ती गुपचूप चढत तीन-साडेतीन दिवसांत २० च्या घरात जाते. तिथून मळमळ, धडधड, पुढे झटके.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं हेच विचारलं, "मग दुसरा नमुना कधी घ्याल?"

"निदान एक हाफ लाइफ गेल्यावर, सर. या रुग्णात सतरा-अठरा तासांनी. तेव्हा १५ दिसली, तर ड्रिप जास्त आहे."

"आणि रुग्ण बिडी ओढत असता तर?"

"क्लिअरन्स वाढला असता, सर. ड्रिपही वाढवावं लागलं असतं."

सर वहीत काहीतरी लिहीत म्हणाले, "नेक्स्ट."